फोन यायच्या आधी स्पीकर टर्रर्र का करतो, आणि ती टरटर कुठून शिरते ते शोधून बंद कशी करायची

हरिनाम सप्ताह जवळ आला की मला ठरलेला फोन येतो, "दादा, मशीन खराब झालंय, मधेच टिक-टिक-टिक टर्रर्र करतंय, आणि मग कुणाचा तरी फोन वाजतो." आणि तोपर्यंत त्यांनी मशीन रिपेअरला देऊन आणलेलं असतं, कुणीतरी सांगितलं म्हणून अर्थिंगचा नवा खड्डा पण मारलेला असतो, पैसे गेलेले असतात आणि टरटर आहे तिथेच असते. घरी कॉम्प्युटरच्या स्पीकरचं पण तेच, लोक स्पीकर बदलतात, नवीन आणलेला पण टरटरतो. कारण बिघाड शोधायचा क्रमच चुकतो. म्हणून जसं मी करतो तसं, त्याच क्रमाने लिहितोय. पायऱ्या उड्या मारून करू नका, कारण पुढच्या पायरीचं उत्तर मागच्या पायरीवर अवलंबून आहे.

उदाहरण म्हणून शेजारच्या गावातल्या विठ्ठल मंदिराचा सेटअप घेतो, तिथे हे सगळं एकाच ठिकाणी सापडलं. सहा चॅनेलचा मिक्सर-ॲम्प्लिफायर, चार माईक लावलेले, दोन गाणाऱ्यांचे, एक पेटीला, एक पखवाजाला. दाराजवळच्या खांबाला लागून टेबल, टेबलावर मशीन आणि शेजारी दानपेटी.

## आधी एवढं समजून घ्या

स्पीकर फोनची रिंग "ओळखत" नाही. तो फक्त फोनने टॉवरला दिलेलं उत्तर ऐकतो. तुम्हाला कॉल आला की टॉवर आधी तुमच्या फोनला हाक मारतो, फोन "मी इथे आहे" म्हणून जोरात उत्तर देतो, मग दोघांत ओळख पटवणं, चॅनेल ठरवणं हे सगळं होतं आणि त्यानंतर कुठे रिंग वाजते. या बोलाचालीला एक-दोन सेकंद, कधी थोडं जास्त लागतात, तेवढा वेळ स्पीकर टरटरतो. एसएमएसचं पण तसंच, आधी बोलाचाली आणि मग मेसेजची टोन.

आता ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी तर आपल्याला ऐकूच येत नाहीत, मग आवाज कुठून आला? इथे खरी गोम आहे. २जी फोन सलग प्रक्षेपण करत नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर आठ फोनना पाळीपाळीने वेळ मिळतो, एक फेरी ४.६१५ मिलिसेकंदांची आणि त्यात आपल्या फोनची पाळी फक्त ०.५७७ मिलिसेकंदांची. म्हणजे फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा चालू-बंद, चालू-बंद होतो, आणि चालू असताना ९०० च्या बँडवर जास्तीत जास्त २ वॅटपर्यंत जोर लावतो. ही लहर माईकच्या वायरने पकडली की ती मशीनच्या पहिल्या ट्रान्झिस्टर किंवा आयसीपर्यंत जाते, तो भाग तिला डायोडसारखा एका बाजूने कापतो, आणि कापल्यावर मूळ लहर गाळली जाऊन मागे राहतात ते नुसते सेकंदाला २१७ धक्के. ते मात्र ऐकू येतात आणि मशीन ते इमानदारीने मोठे करून स्पीकरला देतं.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मशीन बंद असेल तर टरटर येत नाही, म्हणजे चूक स्पीकरच्या कागदात किंवा कॉइलमध्ये नाही. दोन, ही गोष्ट हवेतून आणि वायरीतून शिरते, लाइटच्या बोर्डातून नाही, म्हणून अर्थिंग कितीही चांगलं केलं तरी तेवढ्याने ती जात नाही.

## तयारी: काय काय जवळ ठेवायचं

एक जुना फोन ज्यात २जी चालतं असं सिम आहे, साधा बटणांचा असेल तर उत्तम. हे सिम कुठलंही चालणार नाही, जिओला २जी नाहीच, त्यामुळे जिओच्या सिमवर ही टेस्ट होत नाही. दुसरा फोन कॉल लावायला. एक मीटर टेप, वायरवर चिकटवायला कागदी टेप आणि पेन, आणि बरोबर एक माणूस. एकट्याने केलं तर तुम्ही फोनकडे बघत असता आणि मास्टरच्या नॉबवर हात नसतो.

⚠️ टेस्ट करताना मास्टर नेहमीच्या निम्म्यावर ठेवा. टरटर अचानक मोठी होते, ट्वीटरला आणि कानाला दोघांनाही बरी नाही.

## पायरी १. आवाज नक्की तोच आहे का ते ओळखा

निम्मे लोक इथेच चुकतात. फोनची टरटर आणि लाइटचं हमिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इलाज पण पूर्ण वेगळे.

हमिंग खर्जात असतं, ५० किंवा १०० हर्ट्झचं, सतत, मशीन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत. फोनची टरटर येते आणि जाते, आणि तिला ताल असतो. सुरुवातीला तुटक "टिट्-टिट्-टिट्-टिट्", सेकंदाला साधारण चार, आणि कॉल उचलला की सलग "टर्रर्रर्र". पेटी जवळ असेल तर आणखी सोपी खूण सांगतो. खालच्या सप्तकातली पांढरी सहा दाबा, ती २२० हर्ट्झ. फोनची टरटर बरोबर तिच्या शेजारी, किंचित उतरलेली लागते. मंदिरातल्या पेटीवाल्या काकांना मी हे करायला सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अहो, सहाच आहे की, जरा बेसूर." हमिंग असतं तर ते यापेक्षा सप्तकभर तरी खाली लागलं असतं.

तपासणी: सुर पांढऱ्या सहाच्या जवळ आणि आवाज येऊन-जाऊन असेल तर पुढे जा. खर्जात आणि सतत असेल तर हा लेख तुमचा नाही, तिथे ग्राउंड लूप आणि पॉवर सप्लाय बघायचा.

⚠️ हमिंग घालवायला तीन पिनी प्लगची अर्थ पिन कापू नका. माईक धातूचा असतो आणि तो माणसाच्या ओठाला लागलेला असतो.

## पायरी २. टरटर मुद्दाम आणा

वाट बघत बसू नका. कॉल येईल तेव्हा बघू असं म्हणून दोन तास घालवलेले लोक मी पाहिलेत, आणि कॉल आला तेव्हा नेमका फोन बाहेर कट्ट्यावर.

टेस्टच्या फोनला २जीवर अडकवा. बटणांच्या साध्या २जी फोनला काहीच करावं लागत नाही. अँड्रॉइडमध्ये मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `2G only` मिळालं तर ते, नाही मिळालं तर डायलरमध्ये हे टाका:

```
*#*#4636#*#*
```

उघडलेल्या मेनूत फोनच्या माहितीत जाऊन नेटवर्कचा प्रकार `GSM only` करायचा. काही कंपन्यांनी हा मेनू बंद केलेला असतो, तिथे बटणांचा फोनच कामाचा. टेस्ट संपली की आधीचं सेटिंग परत लावायला विसरू नका, नाहीतर घरी गेल्यावर नेट का चालत नाही म्हणून डोकं धराल.

आता फोन मशीनपासून एका हातावर ठेवा आणि एअरप्लेन मोड चालू करून बंद करा. फोन नेटवर्कला नव्याने हजेरी लावतो आणि त्या वेळी टिट्-टिट् आलाच पाहिजे. कॉलचा एक पैसा खर्च न करता हे पन्नास वेळा करता येतं. एकदा आलं की मग दुसऱ्या फोनवरून कॉल लावून पण बघा.

इथे दोन फसव्या गोष्टी आहेत. पहिली, फोन टॉवरला पहिलं उत्तर देतो ते त्या टॉवरने परवानगी दिलेल्या पूर्ण जोराने, कारण त्याला अजून माहीत नसतं की किती जोर पुरेल. कॉल लागल्यावर रेंज चांगली असेल तर टॉवर त्याला जोर कमी करायला सांगतो आणि टरटर आपोआप बारीक होते. म्हणून चालू कॉलवर टेस्ट करून "अरे गेलं की!" म्हणू नका, प्रत्येक वेळी नवा कॉल लावा आणि पहिले दोन सेकंद ऐका. दुसरी, कॉलवर तुम्ही गप्प बसलात तर बरेचदा फोन पण मधेमधे प्रक्षेपण थांबवतो, टरटर तुटक होते. म्हणून बरोबरच्या माणसाला टेस्टच्याच फोनमध्ये एक ते शंभर मोजायला लावा, सलग.

तपासणी: तीनदा केलं आणि तीनही वेळा टरटर आली, तरच पुढे.

## पायरी ३. फोन कुणाचा ते शोधा, आणि सिम फक्त फोनमध्येच असतं असं समजू नका

मंदिरात सगळ्यांनी सांगितलं की आम्ही फोन बंद करून पिशवीत टाकले तरी टरटर येते, दर काही मिनिटांनी. आणि ते खरं होतं. आधी वाटलं कुणीतरी विसरला असेल. म्हणून सगळ्यांना फोन घेऊन बाहेर पारावर बसवलं, आत मी आणि एक मुलगा, दोघांचे फोन पण बाहेर. पाच मिनिटांनी टिट्-टिट्-टिट्, आणि लगेच दानपेटीवरचा डबा बोलला, "दहा रुपये प्राप्त झाले."

तो यूपीआयचा साउंडबॉक्स. त्यात सिम असतं, आणि हा २जीवर चालणारा होता. पैसे आले की सर्व्हरकडून निरोप येतो, डबा तो मिळाल्याची पोच परत पाठवतो, आणि मग बोलतो. म्हणजे फोनसारखंच, टरटर आधी आणि आवाज नंतर. आणि पैसे नाही आले तरी मधूनमधून तो सर्व्हरला "मी जागा आहे" असं कळवत राहतो, म्हणून फुकटची टरटर. मशीनपासून तो वीतभर अंतरावर होता.

खात्री कशी करायची? एक रुपया पाठवायचा. तीनदा पाठवला, तीनही वेळा बोलायच्या आधी टरटर. डबा बंद केला, अर्धा तास शांत.

म्हणून शोधताना फोनशिवाय हे पण बघा: कार्ड स्वाइप करायचं मशीन, गाडीतला जीपीएस ट्रॅकर, सिमवर चालणारा कॅमेरा किंवा पंपाचा मोबाइल स्टार्टर. शेतातल्या पंपाचा स्टार्टर तर बरेचदा २जीवर असतो.

फोनच्या बाबतीत पण कॉल-मेसेज काही नसताना एखादा टिट्-टिट् येऊ शकतो, ते भूत नाही. नेटवर्कने ठरवलेल्या वेळाने फोन स्वतःहून हजेरी लावतो, आणि प्रवासात एका भागातून दुसऱ्या भागात शिरला की पण लावतो. गाडीच्या टेपमध्ये घाटात अचानक टरटर येऊन काहीच वाजत नाही ते यामुळे.

## पायरी ४. शिरतंय कुठून ते शोधा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच लोक गाळतात. सरळ दुकानात जाऊन वायरवर बसवायचे चार काळे फेराइट आणतात आणि दिसेल त्या वायरला लावतात.

टेस्टचा फोन २जी कॉलवर ठेवा, माणूस आकडे मोजतोय, फोन मशीनजवळ एका जागी स्थिर. फोन हलवायचा नाही, कारण फोन हलला की टरटर बदलते आणि मग नॉबमुळे बदलली की फोनमुळे ते कळत नाही. आता नॉब फिरवा.

आधी मास्टर शून्यावर आणा. टरटर पूर्ण गेली तर ती मास्टरच्या आधी शिरतेय, म्हणजे इनपुटकडून. टरटर तशीच राहिली तर ती मास्टरच्या नंतर शिरतेय, बहुतेक वेळा स्पीकरच्या वायरीतून उलटी आत. हो, आउटपुटच्या वायरीतून पण शिरते. ती वायर लांब असते, उघडी असते, आणि आउटपुटकडून मास्टरनंतरच्या पॉवर ॲम्प्लिफायरच्या पहिल्या भागापर्यंत फीडबॅकचा रस्ता असतोच.

मग मास्टर जागेवर आणून एकेका चॅनेलचा नॉब शून्यावर न्या. मंदिरात एक, दोन, तीन शून्यावर नेले, फारसा फरक नाही. चौथा, पखवाजाचा, शून्यावर नेला आणि टरटर एकदम खाली आली, जेमतेम ऐकू येईल एवढी उरली. मास्टर शून्यावर नेल्यावर ती उरलेली पण गेली. म्हणजे नव्वद टक्के काम चौथ्या चॅनेलचं.

आता त्या चॅनेलची वायर मशीनमधून काढा. नॉब परत वर. टरटर गेली म्हणजे दोष वायरचा किंवा पिनचा, राहिली तर मशीनच्या सॉकेटचा किंवा आतला. आमची गेली. वायर परत लावली आणि यावेळी फोन हातात घेऊन वायरपासून चार बोटांवर धरून माईककडून मशीनकडे सावकाश सरकवत आलो. माईकजवळ थोडी, मधे थोडी, आणि मशीनच्या पिनजवळ आलो तशी एकदम ठणठणीत. तिथे टेप चिकटवून खूण केली.

तपासणी: तुमच्या वायरवर एक तरी टेपची खूण पाहिजे, किंवा "स्पीकरची वायर" किंवा "मशीन स्वतः" असं एक स्पष्ट उत्तर पाहिजे. "सगळीकडूनच येतंय" हे उत्तर मिळालं तर फोन मशीनच्या फार जवळ आहे, अर्धा मीटर लांब नेऊन परत करा.

## पायरी ५. आधी अंतर, मग बाकी सगळं

फुकटचा इलाज आधी. आणि हा दिसतो त्यापेक्षा जास्त ताकदवान आहे. अंतर दुप्पट केलं की लहरीचा जोर साधारण निम्मा होतो, पण मशीनमध्ये जी कापाकापी होते ती जोराच्या वर्गाच्या प्रमाणात आवाज देते, म्हणून टरटर निम्मी नाही तर चौथाईवर येते. अर्धा मीटरचे दोन मीटर केले की सोळाव्या भागावर. अगदी चिकटून असताना आणि भिंती-पत्रे असलेल्या खोलीत हे गणित नेमकं बसत नाही, पण अंदाजाला पक्कं आहे.

लक्षात ठेवायचं ते अंतर मशीनपासूनचं नाही, पायरी ४ मध्ये टेप लावलेल्या जागेपासूनचं. मंदिरात साउंडबॉक्स मशीनपासून उचलून दोन मीटरवर नेला, पण त्यांनी तो जिथे ठेवला तिथून पखवाजाची वायर जात होती! वायरच्या त्या भागात फारसा दोष नव्हता म्हणून वाचलो, तरी पण त्याला दुसऱ्या खांबाजवळ हलवला.

घरच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरला तर बहुतेकदा एवढंच पुरतं, फोन स्पीकरच्या आणि त्याच्या वायरच्या शेजारी ठेवायचा नाही, टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. ज्या स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर आहे, म्हणजे ज्याला व्हॉल्यूमचा नॉब आणि लाइटची वायर आहे, त्याच्यापासून लांब.

रेंज कमी असलेल्या जागी फोन कॉलभर पूर्ण जोराने बोलत राहतो, म्हणून तळघरात, जाड दगडी भिंतींच्या देवळात तोच फोन जास्त टरटरवतो. तिथे अंतर पण जास्त ठेवा.

## पायरी ६. वायर आणि पिन उघडून बघा

चौथ्या चॅनेलची पी-३८ पिन उघडली. आत शील्ड वायरची जाळी सोडवून, पिळून, चांगली चार सेंटिमीटर लांब शेपटी करून बॉडीला सोल्डर केलेली, आणि तेवढाच मधला तार उघडा. ऑडिओला हे चालतं, माईक मस्त वाजतो, म्हणून कुणाला चूक दिसत नाही. पण ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटरची, तिचा चौथा भाग ८ सेंटिमीटर. तिच्या दृष्टीने चार सेंटिमीटरची उघडी शेपटी म्हणजे चांगला अँटेनाच, आणि तो पण अगदी मशीनच्या तोंडाशी.

पिन अशी बनवा: बाहेरचं रबर पिनच्या आत जाईल इतकंच सोला. जाळीची शेपटी एक सेंटिमीटरपेक्षा कमी. मधला तार जेवढा उघडा लागतो तेवढाच. पिनचं झाकण धातूचं घ्या, प्लास्टिकचं नको, आणि ते घट्ट पिळा, सैल झाकण बॉडीला नीट टेकत नाही. शील्डची जाळी विरळ असेल, वायर वाकवल्यावर आतलं प्लास्टिक दिसत असेल तर वायरच बदला.

मशीनला तीन पिनांचं कॅनन इनपुट असेल तर लांब माईकसाठी तेच वापरा. दोन्ही तारांवर सारखा येणारा त्रास बॅलन्स्ड इनपुट बराच वजा करतं. पण वायरच्या एका टोकाला कॅनन आणि मशीनकडे पी-३८ लावून लोक म्हणतात आमची बॅलन्स्ड वायर आहे, तशी ती नसते, साध्या मोनो पी-३८ मध्ये येताच तो फायदा संपला.

⚠️ जादाची वायर मशीनच्या मागे गुंडाळून ठेवू नका. त्रास जिथे शिरतो तिथेच आणखी वायर जमा होते. गुंडाळी माईककडच्या बाजूला, मशीनपासून लांब ठेवा.

दोष स्पीकरच्या वायरमध्ये सापडला असेल तर तिच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून घ्या, आणि जादाची लांबी कापून टाका.

तपासणी: पायरी २ ची टेस्ट परत, फोन आधीच्याच जागी. आमची टरटर इथेच इतकी खाली आली की भजन चालू असताना ऐकू येईना.

## पायरी ७. फेराइट, पण योग्य जागी

चिमट्यासारखा बंद होणारा काळा फेराइट वायरवर लावतात. तो वायरच्या बाहेरून वाहत येणाऱ्या लहरीला अडवतो. जागा एकच, मशीनच्या पिनला चिकटून, दोन-तीन सेंटिमीटरच्या आत. वायरच्या मध्यावर लावला तर फेराइट आणि मशीनमधली उरलेली वायर परत लहर पकडते.

दुसरी चूक म्हणजे त्यातून वायरचे चार-पाच वेढे काढणं. कमी फ्रिक्वेन्सीला वेढ्यांनी फायदा होतो, पण ९०० मेगाहर्ट्झला वेढेच एकमेकांशी जोडले जातात आणि लहर फेराइटला वळसा घालून निघून जाते. इथे वायर सरळ एकदाच आरपार, आणि जास्त पाहिजे असेल तर एकापुढे एक दोन फेराइट. फेराइटचे दोन्ही अर्धे भाग पूर्ण मिटले पाहिजेत, मधे फट राहिली तर उपयोग फार कमी होतो. बाजारात मिळणारे साधे फेराइट मुळात यापेक्षा कमी फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेले असतात, म्हणून त्यांच्याकडून पिनच्या दुरुस्तीएवढी अपेक्षा करू नका. म्हणूनच ते सातव्या पायरीला आहेत, पहिल्या नाही.

अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळणारे पण भेटतात. ती मशीनच्या धातूच्या बॉडीला नीट जोडलेली नसेल तर तिचा भरवसा नाही, आणि हवेची भोकं बुजली की मशीन तापतं. करू नका.

## पायरी ८. कपॅसिटर, फक्त सोल्डरिंग येत असेल तरच

वायर काढल्यावर पण टरटर राहत असेल तरच मशीन उघडायचं. इनपुट सॉकेटच्या सिग्नल टोकापासून बॉडीच्या ग्राउंडला ३३ पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, सॉकेटवरच, आत बोर्डावर नाही. २जीच्या १८०० मेगाहर्ट्झच्या बँडसाठी १० पिकोफॅरडचा आणखी एक. पृष्ठभागावर चिकटणारा छोटा चिप कपॅसिटर सगळ्यात चांगला, पायवाला लावलात तर पाय अगदी बुडाशी कापा, कारण या फ्रिक्वेन्सीला पाय पण अडथळा बनतो आणि लांब पायांचा कपॅसिटर असून नसल्यासारखा.

इथली नेहमीची चूक म्हणजे "मोठा लावला तर जास्त गाळेल" म्हणून `104` लावणं. तो ०.१ मायक्रोफॅरड. ६०० ओहमच्या माईकला तो लावला तर साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज उतरायला लागतो, माणूस गोधडीतून बोलतोय असं वाटतं, टाळ तर गायबच. ३३ पिकोफॅरडवर `33` किंवा `330` छापलेलं असतं. `331` म्हणजे ३३० पिकोफॅरड, तो नाही.

⚠️ मशीन उघडायच्या आधी प्लग काढा आणि थांबा, मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये करंट शिल्लक असतो. वॉरंटी असेल तर उघडू नका.

## पायरी ९. शेवटी फोनचं सेटिंग

४जी फोन पण प्रक्षेपण करतो, पण त्याचा जोर साधारण ०.२ वॅटपर्यंतच आणि त्याची चालू-बंद २१७ च्या तालातली नसते, म्हणून सहसा टरटर होत नाही. काही ४जी-५जी बँडमध्ये फोन आणि टॉवर पाळीपाळीने बोलतात, तिथे अगदी स्पीकरला टेकवला तर बारीक आवाज येतो, पण अंतर दिलं की जातो.

मग आजकालचा फोन का टरटरतो? बरेचदा व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, बंद असतं. नेट ४जीवर चालतं, पण कॉल आला की फोन २जीवर उतरतो. कॉल येताना वरचं ४जीचं चिन्ह जाऊन `E` किंवा `G` दिसलं तर हेच आहे. सेटिंगमध्ये `VoLTE` चालू करा. नव्या अँड्रॉइडमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये `Allow 2G` असतं, ते बंद केलं की फोन २जीवर जातच नाही, पण ज्या गावात फक्त २जीचीच रेंज येते तिथे साधा कॉल पण येणार नाही. आधी तिथली रेंज बघा.

हे मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण सेटिंग एका फोनचं बदलतं आणि मंडपात दोनशे फोन असतात. मशीन आणि वायर नीट असेल तर कुणाचाही फोन येऊ दे.

मंदिरात शेवटची टेस्ट अशी केली. साउंडबॉक्स नव्या जागी चालू, चौथ्या चॅनेलची पिन नवीन, पिनला चिकटून दोन फेराइट, मास्टर नेहमीच्या जागी. बटणांचा फोन मशीनपासून एक मीटरवर ठेवून पाच नवे कॉल लावले आणि दानपेटीला तीनदा एक-एक रुपया पाठवला. डबा तीनही वेळा बोलला, स्पीकर गप्प. मग फोन मुद्दाम मशीनवर टेकवला तर अगदी बारीक टिट् आला, तेवढा राहू दिला आणि टेबलावर मार्करने लिहून ठेवलं, "इथे फोन ठेवू नये."